स्टॉपलॉस किती रुपयांचा?

इंट्राडे करणाऱ्या चार जणांना एकत्र बसवलं की पहिल्या दहा मिनिटांत एक तक्रार हमखास ऐकू येते. "माझा स्टॉपलॉस उडाला आणि तिथूनच भाव वर फिरला." त्यावर दुसरा सांगतो, म्हणूनच मी स्टॉपलॉस लावत नाही. तिसरा एक टक्क्याचा लावतो, चौथा आदल्या कँडलच्या खाली लावतो. हा एक टक्का आला कुठून, असं विचारा. उत्तर ठरलेलं असतं, "सगळे तेवढाच लावतात." टार्गेटचंही तेच. स्टॉपलॉसच्या दुप्पट टार्गेट ठेवावं असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि ते पाळलं जातं.

यात खटकणारी गोष्ट अशी, की या चौघांकडे उत्तराचा कच्चा माल पडून असतो. प्रत्येकाने एकाच पद्धतीने शंभर-दोनशे सौदे केलेले असतात, त्यांच्या काँट्रॅक्ट नोट ईमेलमध्ये असतात आणि त्या दिवसांचे एकेका मिनिटाचे भाव मिळवता येतात. अमेरिकेतल्या एका ट्रेडिंगविषयक मासिकाचे तांत्रिक संपादक जॉन स्वीनी यांनी हा माल कसा वापरायचा ते १९९७ साली एका पुस्तकात मांडलं. पुस्तकाचं नाव आणि पद्धतीचं नाव एकच आहे, 'मॅक्झिमम अ‍ॅडव्हर्स एक्स्कर्शन'. ट्रेडर मंडळी नुसतं एमएई म्हणतात. सौदा उघडल्यापासून बंद होईपर्यंत भाव आपल्या विरुद्ध जास्तीत जास्त किती गेला, तो आकडा म्हणजे एमएई. आपण त्याला विरुद्ध चाल म्हणू. त्याच वेळात भाव आपल्या बाजूने जास्तीत जास्त किती गेला, ती अनुकूल चाल. स्वीनींचा मुद्दा साधा होता. चांगले सौदे आणि वाईट सौदे शेवटी वेगळे पडतातच, पण ते वाटेतही वेगळे वागतात. तो फरक मोजला, तर स्टॉपलॉस कुठे ठेवायचा हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

एक सौदा जवळून पाहू. हा आणि पुढचे सगळे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, कुणाच्या खात्यातले नाहीत. शेअर हजार रुपयांच्या आसपासचा. पद्धत अशी, की ९:१५ ते ९:४५ या पहिल्या अर्ध्या तासातला उच्चांक ओलांडला की खरेदी करायची, नीचांक तुटला की शॉर्ट करायचं आणि ३:१५ ला काहीही झालं तरी बाहेर पडायचं. त्या दिवशी ९:५२ ला १,००४.५० ला खरेदी झाली. भाव थोडा वर गेला, मग घसरत १०:२० ला १,०००.३० पर्यंत आला. तिथून फिरला, दुपारी दोनच्या सुमारास १,०२३ ला टेकला आणि ३:१५ ला १,०१७ होता. म्हणजे विरुद्ध चाल ४.२० रुपये, अनुकूल चाल १८.५० रुपये आणि अखेरचा फायदा १२.५० रुपये.

आता समजा, आपल्या ट्रेडरची सवय तीन रुपयांच्या स्टॉपलॉसची आहे. तो १,००१.५० ला बाहेर पडला. त्याच्या काँट्रॅक्ट नोटमध्ये तीन रुपयांचा तोटा दिसतो आणि त्यावरून विरुद्ध चाल मोजली तर तीही तीन रुपयेच येते. या पद्धतीत बहुतेक जण इथेच घसरतात. जुन्या स्टॉपलॉसने कापलेले सौदे जसेच्या तसे मोजले, तर कुठलाच सौदा तीन रुपयांपलीकडे गेलेला दिसत नाही आणि निष्कर्ष निघतो की तीन रुपये बरोबर आहेत. जुनी सवयच स्वतःला पास करून घेते.

म्हणून काँट्रॅक्ट नोटमधून दोनच गोष्टी घ्यायच्या, एन्ट्रीची वेळ आणि एन्ट्रीचा भाव. प्रत्यक्षात कुठे बाहेर पडलो ते विसरायचं. मग एका मिनिटाच्या कँडल घेऊन सौदा ३:१५ पर्यंत स्टॉपलॉसशिवाय पुन्हा चालवायचा आणि तीन आकडे लिहायचे: सर्वात वाईट भाव, सर्वात चांगला भाव आणि अखेरचा भाव. पहिल्या दोन भावांची वेळही टिपून ठेवायची, ती टार्गेटच्या वेळी लागते. एन्ट्रीच्या कँडलकडे मात्र लक्ष द्यायला हवं. त्या कँडलचा नीचांक आपल्या खरेदीच्या आधीचाही असू शकतो आणि तो धरला तर विरुद्ध चाल फुगते. पंधरा मिनिटांच्या कँडलवर ही चूक मोठी होते, एका मिनिटाच्या कँडलवर किरकोळ राहते.

शंभर सौदे असे पुन्हा चालवल्यावर ४६ फायद्यात संपले आणि ५४ तोट्यात. विरुद्ध चालीप्रमाणे त्यांची वाटणी अशी झाली:

| विरुद्ध चाल (रुपये) | फायद्याचे सौदे | त्यांचा एकूण फायदा | तोट्याचे सौदे | त्यांचा एकूण तोटा |
|---|---|---|---|---|
| ० ते ३ | २१ | ३३६ | २ | ४ |
| ३ ते ६ | १४ | १८२ | ७ | २१ |
| ६ ते ९ | ६ | ५४ | १३ | ७८ |
| ९ ते १२ | ३ | २४ | १५ | १३५ |
| १२ च्या वर | २ | १२ | १७ | २५५ |

रुपये एका शेअरमागचे आहेत. स्टॉपलॉस अजिबात नसता तर ६०८ रुपये फायदा आणि ४९३ रुपये तोटा, म्हणजे शंभर सौद्यांत खर्चाआधी ११५ रुपये शिल्लक.

तक्ता पाहिल्याबरोबर वाटतं की उत्तर मिळालं. फायद्याच्या ४६ पैकी ३५ सौदे सहा रुपयांच्या आत राहिले, तोट्याच्या ५४ पैकी ४५ सहाच्या पलीकडे गेले. मग सहाचा स्टॉपलॉस लावा! ही पद्धत सांगणारी बरीचशी मंडळी इथेच थांबतात. मला ते पटत नाही, कारण नाणेफेक करून घेतलेल्या सौद्यांचा तक्ताही असाच दिसतो. जो सौदा बारा रुपये विरुद्ध गेला, त्याला फायद्यात संपायला आधी ते बारा रुपये भरून काढावे लागतात. असे सौदे कमी निघणारच, एन्ट्रीत काही दम असो वा नसो. त्यामुळे फायद्याचे सौदे उथळ आणि तोट्याचे खोल दिसले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे. जे सौदे सहा रुपये विरुद्ध गेले, त्यांचं पुढे सरासरी काय झालं? तक्त्यात असे ५६ सौदे आहेत. त्यातले ११ फिरून फायद्यात आले आणि त्यांनी ९० रुपये दिले, उरलेल्या ४५ सौद्यांनी ४६८ रुपये घालवले. एकूण ३७८ रुपये तोटा, म्हणजे सौद्यामागे पावणेसात रुपये. सहावर कापले असते तर तोटा सौद्यामागे सहाच झाला असता. याचा अर्थ, सहाची रेषा ओलांडल्यावर भाव सरासरीने आणखी पाऊण रुपया विरुद्ध गेला. कापण्यात सौद्यामागे पाऊण रुपयाची बचत आहे, ५६ सौद्यांत ४२ रुपयांची.

हाच प्रश्न तीनच्या रेषेवर विचारा. तीन रुपयांपलीकडे ७७ सौदे गेले. त्यातल्या २५ सौद्यांनी पुढे २७२ रुपये दिले, ५२ सौद्यांनी ४८९ घालवले. निव्वळ तोटा २१७, सौद्यामागे २.८२ रुपये. म्हणजे तीनच्या रेषेवर पोचलेला सौदा सरासरीने किंचित सावरतो. तिथे कापणारा माणूस तोटा अडवत नाही, उलट सावरणारा सौदा सोडून देतो. "माझा स्टॉपलॉस उडाला आणि भाव फिरला" ही तक्रार नेमकी इथली आहे, आणि या ट्रेडरच्या बाबतीत ती खरी आहे. नाणेफेकीच्या सौद्यांत कुठल्याही रेषेवर हा फरक शून्याच्या आसपासच येतो. तिथे स्टॉपलॉस तीनचा ठेवा की बाराचा, सरासरी हलत नाही.

सगळ्या रेषांचा हिशेब मांडला तर खर्चाआधीची शिल्लक अशी येते: तीनवर १०१ रुपये, सहावर १५७, नऊवर १३६, बारावर १३०. सहाचा आकडा सर्वात मोठा खरा, पण नऊ आणि बारा फार मागे नाहीत. स्टॉपलॉसच्या अंतराने नशीब पालटतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या तीन आकड्यांकडे नीट पाहावं.

फरक पडतो तो खर्च आणि शेअरची संख्या हिशेबात आल्यावर. दोन्ही बाजूंची दलाली, विक्रीच्या रकमेवर ०.०२५ टक्के एसटीटी, बाकीची शुल्कं आणि ऑर्डर थोड्या वाईट भावाला भरली जाणं हे सगळं धरून शेअरमागे एक रुपया खर्च समजू. शंभर सौद्यांत शंभर रुपये गेले. तीनवर एक रुपया उरला, सहावर ५७, नऊवर ३६, बारावर ३०. आता आपला ट्रेडर एका सौद्यात जास्तीत जास्त ६०० रुपये घालवायला तयार आहे असं धरा. तीनच्या स्टॉपलॉसवर तो २०० शेअर घेऊ शकतो, सहावर १००, नऊवर ६६, बारावर ५०. हातात येणारी रक्कम अनुक्रमे २००, ५,७००, साधारण २,४०० आणि १,५०० रुपये. जोखीम तेवढीच ठेवून पाहिलं तर सहाचा स्टॉपलॉस बराच पुढे जातो. जवळचा स्टॉपलॉस जास्त शेअर घेऊ देतो, पण प्रत्येक शेअरवर खर्च लागतो. तो खर्च तीन रुपयांच्या जोखमीचा तिसरा हिस्सा खाऊन टाकतो.

खर्च एकऐवजी दीड रुपया धरला तर सहावरचे ५७ रुपये सातवर येतात आणि बाकीच्या तिन्ही रेषा तोट्यात जातात. खर्चाचा हा धाक खरा आहे. जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेबीच्या अभ्यासानुसार, २०२२-२३ मध्ये रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर १० जणांपैकी ७ जण तोट्यात होते आणि या तोटा झालेल्यांनी तोट्याच्या रकमेच्या आणखी ५७ टक्के इतका पैसा व्यवहारखर्चात घातला होता.

आता टार्गेट. सहाचा स्टॉपलॉस पक्का धरून अनुकूल चाल पाहायची, पण स्टॉपलॉस लागण्याआधीची तेवढीच. इथे टिपून ठेवलेल्या वेळा कामाला येतात. एकाच कँडलमध्ये स्टॉपलॉसही लागला आणि टार्गेटही आलं, तर स्टॉपलॉस आधी लागला असं धरावं. उलट धरलं की कागदावरचा फायदा फुगतो.

दहा रुपयांचं टार्गेट घेऊन पाहू. ३४ सौदे तिथे पोचतात. त्यातले सात नंतर फिरून स्टॉपलॉसवर गेलेले आहेत आणि एक दिवसअखेर दोन रुपये तोट्यात संपलेला आहे. या आठ सौद्यांत टार्गेटमुळे १२४ रुपये वाचतात. उरलेले २६ सौदे मात्र असे आहेत ज्यांनी ३:१५ पर्यंत थांबल्यावर ४७३ रुपये दिले असते. ते २६० वर अडतात, म्हणजे २१३ रुपये हातचे जातात. शिल्लक १५७ वरून ६८ वर येते. हातात आलेला फायदा घेऊन मोकळं होण्याची ही किंमत आहे, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त मोडणारा नियम कुठला असेल तर हाच.

वीस रुपयांचं टार्गेट घेतलं तर १५ सौदे पोचतात. त्यातल्या १३ सौद्यांनी दिवसअखेरपर्यंत २८६ रुपये दिले असते, त्याऐवजी २६० मिळतात. दोन सौदे नंतर स्टॉपलॉसवर गेले होते, तिथे सहाच्या तोट्याऐवजी वीसचा फायदा होतो, म्हणजे ५२ रुपये वाढतात. एकूण २६ रुपयांची सुधारणा, शिल्लक १८३. कागदावर छान दिसतं. पण ही सगळी सुधारणा दोन सौद्यांवर उभी आहे. ते दोन काढले तर वीसचं टार्गेट नुकसानच करतं. इतक्या पुराव्यावर मी टार्गेट बदलणार नाही. या माहितीतून निघणारा खात्रीचा निष्कर्ष एवढाच, की या पद्धतीला दहा रुपयांचं टार्गेट मारक आहे. ३:१५ पर्यंत थांबणं बरं.

हीच शंका स्टॉपलॉसच्या आकड्यालाही लावायला हवी. सहाच्या पलीकडे गेलेल्या ५६ सौद्यांपैकी काही वीस रुपये बुडाले, काही दहा रुपये फायद्यात आले. आकडे इतके विखुरलेले असताना पाऊण रुपयाची सरासरी निव्वळ योगायोगानेही येऊ शकते. म्हणून शंभर सौदे ही सुरुवात समजावी, तीनशे-चारशे असतील तर बोलण्यात वजन येतं. तोपर्यंत दोन तपासण्या करता येतात. एक, सौदे तारखेप्रमाणे लावून पहिल्या अर्ध्यावर अंतर ठरवायचं आणि दुसऱ्या अर्ध्यावर ते चालतं का पाहायचं. दोन, शेजारचे आकडे पाहायचे. सहाला नफा आणि पाच किंवा सातला तोटा असेल, तर सहाचा आकडा त्या विशिष्ट सौद्यांपुरता जुळून आला आहे आणि पुढच्या महिन्यात दगा देईल. पाच ते आठ सगळीकडे बरं चाललं, तर त्यातलं कुठलंही अंतर घ्यायला हरकत नाही.

सौद्यांचे दिवस एकसारखे नसतात, हीदेखील अडचण आहे. शांत आठवड्यात दिवसभरात बारा रुपये हलणारा शेअर निकालाच्या हंगामात चाळीस हलतो. दोन्हीकडचे सौदे एकाच तक्त्यात टाकले तर सहा रुपये एकीकडे फार आणि दुसरीकडे काहीच नाहीत. त्यावरचा उपाय म्हणजे विरुद्ध चाल रुपयांत न मोजता एटीआरच्या पटीत मोजायची. एटीआर म्हणजे वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं सरासरी चढउताराचं माप, जे बहुतेक चार्टवर चौदा दिवसांचं मिळतं. एटीआर वीस रुपये असताना सहा रुपये म्हणजे ०.३ पट. उद्या एटीआर तीस झाला तर स्टॉपलॉस आपोआप नऊ होतो आणि शेअरची संख्या त्या प्रमाणात कमी होते. आणि एका तक्त्यात एकाच एन्ट्रीचे सौदे हवेत. ब्रेकआउट, बातमीवर घेतलेले आणि कुणाच्या सांगण्यावरून घेतलेले सौदे एकत्र केले तर येणारी सरासरी कशाचीच नसते.

सहाच्या स्टॉपलॉसवर शंभरातले ३५ सौदे फायद्यात संपतात, ६५ तोट्यात. या प्रमाणात शंभर सौद्यांत कधीतरी सलग आठेक तोटे येणं हे अगदी सामान्य आहे. ६०० रुपयांच्या हिशेबाने ते ४,८०० रुपये होतात आणि शंभर सौद्यांची अख्खी कमाई ५,७०० आहे. हा टप्पा झेपणार नसेल तर शेअरची संख्या कमी करावी. त्या आठ तोट्यांनंतर स्टॉपलॉस जवळ ओढला, तर तो पुन्हा तीनच्या रेषेकडे जातो.

आणि एका मर्यादेची आधीच कल्पना असू द्या. तुमचे सौदे पुन्हा चालवून पाहिले आणि प्रत्येक रेषेवरचा फरक शून्याच्या आसपास आला, शिल्लकही खर्चापेक्षा कमी निघाली, तर स्टॉपलॉसचं कुठलंही अंतर त्या पद्धतीला वाचवणार नाही. दोष एन्ट्रीत आहे. तसं असेल तर ती पद्धत बंद करा, आणि नवी पद्धत प्रत्यक्ष पैशाआधी कागदावर शंभर सौदे चालवून पाहा.